रंगीत ठिपका वाचण्याआधी

मेंदूविषयीच्या शोधनिबंधात एक आकृती हमखास असते. करड्या रंगातला मेंदूचा छेद, त्यावर लाल-पिवळा ठिपका, बाजूला रंगांची उभी पट्टी आणि खाली बारीक अक्षरांत z = -10 किंवा p < 0.001 असं काहीतरी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माणूस विचार करत असताना यंत्राने त्याच्या मेंदूचा फोटो काढला आणि जो भाग काम करत होता तो उजळलेला दिसला. बातम्यांमध्येही ही आकृती बहुधा अशीच छापली जाते. प्रत्यक्षात त्या ठिपक्यातला रंग यंत्राने पाहिलेला नसतो. तो एका हिशेबाचा निकाल असतो आणि त्या हिशेबात माणसांनी घेतलेले अनेक निर्णय मिसळलेले असतात. ते निर्णय कोणते आणि आकृतीत त्यांच्या खुणा कुठे सापडतात, एवढंच या पुस्तकाला सांगायचं आहे. वाचकाला संख्याशास्त्र किंवा शरीररचनाशास्त्र येत असेल असं आम्ही धरलेलं नाही.

आधी यंत्र काय मोजतं ते पाहू. एमआरआय यंत्राला चेतापेशींचं काम थेट दिसत नाही. एखाद्या भागातल्या पेशी जास्त काम करू लागल्या, की काही सेकंदांत तिथे प्राणवायूने भरलेलं रक्त गरजेपेक्षा जास्त येतं. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण वेगळे असल्यामुळे यंत्राला मिळणारा संकेत किंचित बदलतो. सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हा परिणाम उंदरांच्या मेंदूत दाखवला. १९९२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी तो माणसाच्या मेंदूत मोजला. त्यासाठी मेंदूचे काल्पनिक घन तुकडे पाडतात. त्यांना वॉक्सेल म्हणतात आणि त्यांची बाजू साधारण ३ मिलिमीटर असते. दर दोनेक सेकंदांनी प्रत्येक वॉक्सेलसाठी एक आकडा मिळतो. काम सुरू झाल्यावर या आकड्यात होणारा बदल बहुधा एखाद्या टक्क्याच्या आसपास असतो. श्वास, हृदयाचे ठोके आणि डोक्याची हालचाल यांमुळेही तो आकडा सतत हलत असतो, त्यामुळे एकदा मोजून काहीच कळत नाही. तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं आणि त्याची तुलना दुसऱ्या कामाशी करावी लागते.

ही तुलना म्हणजे आकृतीचा पाया. नॅन्सी कॅनविशर, जॉश मॅकडर्मट आणि मार्विन चुन यांचा १९९७ मधला प्रसिद्ध शोधनिबंध हे त्याचं चांगलं उदाहरण आहे आणि ते या पुस्तकात शेवटपर्यंत सोबत राहील. त्यांनी लोकांना यंत्रात झोपवून काही वेळ चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि काही वेळ रोजच्या वापरातल्या वस्तूंचे. मग प्रत्येक वॉक्सेलसाठी एकच प्रश्न विचारला: चेहरे बघताना इथला संकेत वस्तू बघतानाच्या संकेतापेक्षा खात्रीने जास्त आहे का? १५ पैकी १२ जणांमध्ये मेंदूच्या खालच्या बाजूला, फ्युसिफॉर्म नावाच्या वळीत, असा एक भाग सापडला. बहुतेकांमध्ये तो उजवीकडे जास्त ठळक होता.

आता या आकृतीतल्या रंगाचा अर्थ नीट लावू. रंग लागलेली जागा वस्तू बघताना गप्प होती असं ही आकृती म्हणत नाही. तिथे वस्तूंनाही प्रतिसाद मिळतो, पण चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद बराच मोठा असतो. उलट, डोळ्यांकडून येणारी माहिती सर्वांत आधी जिथे पोचते तो मेंदूच्या मागचा भाग दोन्ही वेळा जोरात काम करतो. वजाबाकीत मात्र त्याचं काम पुष्कळसं नाहीसं होतं आणि तो भाग करडाच राहतो. म्हणून ‘चेहरे’ या शब्दाइतकंच ‘कशाच्या तुलनेत’ हेही महत्त्वाचं आहे. तेच चेहरे कोऱ्या पडद्याच्या तुलनेत दाखवले असते, तर मेंदूचा मागचा बराच भाग रंगला असता. आकृती वाचायची सुरुवात रंगापासून न करता तिच्याखालच्या ओळीपासून करावी आणि त्या ओळीत आधी वजाबाकी शोधावी, ती यासाठी.

वजाबाकी कळली, की छेदाकडे वळावं. छेद तीन प्रकारचे असतात. अ‍ॅक्झिअल छेद आडवा असतो आणि त्याची जागा z ने सांगतात. कोरोनल छेद चेहऱ्याला समांतर, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणारा असतो आणि त्याची जागा y ने सांगतात. सॅजिटल छेद मेंदूची डावी-उजवी बाजू वेगळी करतो आणि त्याची जागा x ने सांगतात. इथे नवख्या वाचकाची सर्वांत मोठी फसगत डाव्या-उजव्याबाबत होते. रुग्णालयात मिळणाऱ्या एमआरआयच्या फिल्मवर रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते, कारण डॉक्टर पायांकडून बघतो आहे अशी ती पद्धत आहे. संशोधनात मात्र दोन्ही पद्धती चालतात. कॅनविशर यांच्या १९९७ च्या निबंधात मेंदूचा उजवा अर्धा डावीकडे छापलेला आहे. आज अनेक निबंधांत त्याच्या उलट असतं. मेंदूचे दोन्ही अर्धे इतके सारखे दिसतात, की चित्राकडे बघून बाजू ओळखता येत नाही. L किंवा R ही अक्षरं शोधावीत, ती नसतील तर खालची ओळ वाचावी. तीही काही सांगत नसेल, तर तक्त्यातल्या x च्या चिन्हाशी चित्र ताडून बघावं. ऋण x म्हणजे डावी बाजू, धन x म्हणजे उजवी.

या तीन आकड्यांमागे एक इतिहास आहे. पॅरिसमधले मेंदूशल्यविशारद जाँ तालैराक यांना अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी मेंदूतली जागा कवटी न उघडता सांगता यायला हवी होती. प्रत्येकाच्या डोक्याचा आकार वेगळा असल्यामुळे त्यांनी मेंदूच्या आतल्या, सहज सापडणाऱ्या खुणांवरून मोजायला सुरुवात केली. मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या तंतूंचा एक छोटा जुडगा, अँटिरिअर कमिशर, हा त्यांचा शून्यबिंदू झाला. तालैराक आणि तुर्नू यांचा १९८८ चा नकाशासंग्रह सर्वत्र वापरला गेला, पण तो साठ वर्षांच्या एका स्त्रीच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूवर बेतलेला होता. पुढे माँट्रिअलच्या संस्थेने शेकडो जिवंत माणसांच्या स्कॅनची सरासरी काढून वेगळा साचा तयार केला. त्याला एमएनआय म्हणतात आणि आजचे बहुतेक निबंध तोच वापरतात.

चेहऱ्यांच्या त्या भागासाठी तालैराक पद्धतीत साधारण x = 40, y = -55, z = -10 असे आकडे दिले जातात. ते वाचायला अवघड नाहीत. शून्यबिंदूपासून ४ सेंटिमीटर उजवीकडे, ५.५ सेंटिमीटर मागे आणि १ सेंटिमीटर खाली. एवढ्यावरून जागा उजव्या कानाच्या मागच्या बाजूला आत कुठेतरी, मेंदूच्या तळाशी आहे हे कळतं. पण या आकड्यांवर किती भिस्त ठेवायची, हेही कळायला हवं. एमएनआयचा साचा तालैराकच्या मेंदूपेक्षा मोठा आहे, त्यामुळे एकाच जागेचे आकडे दोन पद्धतींत काही मिलिमीटरांनी वेगळे येतात आणि मेंदूच्या काही भागांत हा फरक सेंटिमीटरभरापर्यंत जातो. शिवाय तक्त्यात दिलेला बिंदू हा ठिपक्यातला सर्वांत मोठा आकडा मिळालेला वॉक्सेल असतो. ठिपका किती पसरला आहे आणि तो कोणत्या दोन-तीन भागांत शिरला आहे, हे त्या बिंदूवरून कळत नाही.

ठिपक्याची कडाही फसवी असते. मागचं करडं चित्र वेगळ्या स्कॅनमधून आलेलं, साधारण १ मिलिमीटर इतकं बारकाईचं असतं. अनेकदा तो भाग घेतलेल्यांपैकी कुणाचाही मेंदू नसतो, नुसता साचा असतो. वरचा रंग मात्र ३ मिलिमीटरच्या वॉक्सेलमधून आलेला असतो. गटाचा अभ्यास असेल तर माणसामाणसांतला फरक सांभाळण्यासाठी तो आधी ६ ते ८ मिलिमीटर पसरवून मऊ केलेला असतो. मऊ केलेला रंग बारीक वळ्यांवर ठेवला, की तो एका वळीच्या काठाशी अचूक थांबल्यासारखा दिसतो. तो अचूकपणा पार्श्वभूमीतून उसना आलेला असतो.

आता रंगांच्या पट्टीकडे येऊ. गडद लालपासून पिवळ्यापर्यंत जाणारी पट्टी बघून वाटतं, पिवळं म्हणजे जास्त काम. पट्टीशेजारी बहुधा t किंवा Z लिहिलेलं असतं आणि तिथे अर्थ बदलतो. t हा फरकाचा आकार सांगत नाही. फरक त्याच्या अनिश्चिततेच्या किती पट आहे, ते सांगतो. थोडासाच फरक सगळ्यांमध्ये सारखा दिसला, तर t मोठा येतो. मोठा फरक काहींमध्ये दिसला आणि काहींमध्ये नाही, तर t लहान राहतो. माणसं वाढवली, की फरक तेवढाच राहूनही t वाढतो. त्यामुळे पिवळी जागा लाल जागेपेक्षा जास्त काम करते, असं या पट्टीवरून म्हणता येत नाही. पट्टीवर ‘टक्के बदल’ लिहिलेलं असेल, तरच रंग आकाराबद्दल बोलतो. शेजारी-शेजारी दोन चित्रं असतील, तर दोघांच्या पट्ट्या वेगवेगळ्या वाचाव्यात. एकीचं वरचं टोक ५ आणि दुसरीचं १२ असेल, तर दोन्ही चित्रांतला पिवळा रंग एकच नाही. पट्टीच्या खालच्या टोकाला काय आकडा आहे, तेही बघावं. तो बहुधा शून्य नसतो. तोच उंबरठा.

प्रत्येक वॉक्सेलला काहीतरी आकडा असतोच. सगळे रंगवले तर पूर्ण मेंदू रंगीत होईल. म्हणून संशोधक एक आकडा ठरवतात आणि त्याखालचं सगळं झाकतात. धरणाचा जलाशय भरला की डोंगरमाथे बेटांसारखे सुटे दिसतात, पण पाण्याखाली जमीन सलगच असते आणि पाणी कमी-जास्त झालं की बेटांची संख्याही बदलते. आकृतीतले ठिपके तसेच आहेत. २० जणांच्या अभ्यासात p < 0.001 हा उंबरठा t = 3.6 च्या आसपास पडतो. एखाद्या जागी t 3.7 असेल तर ती रंगते, शेजारी 3.5 असेल तर ती करडी राहते. दोघींमध्ये सांगण्यासारखा फरक नसतो. याच कारणाने एका गटात ठिपका दिसला आणि दुसऱ्यात दिसला नाही, एवढ्यावरून दोन गट वेगळे ठरत नाहीत. ते सिद्ध करायला दोन गटांच्या फरकाची स्वतंत्र चाचणी लागते. निबंधात ती आहे का, हे तपासावं.

उंबरठा कुठे ठेवावा, हा या क्षेत्रातला सर्वांत जुना वाद आहे. त्याचं मूळ साध्या गुणाकारात आहे. ३ मिलिमीटरचे वॉक्सेल धरले तर मेंदूत ते ५० हजारांच्या आसपास बसतात. कुठेच काही घडत नसताना p < 0.05 लावलं तरी निव्वळ योगायोगाने सुमारे २,५०० वॉक्सेल रंगतील. p < 0.001 लावलं तरी सुमारे ५० उरतील. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे एका मेलेल्या सामन माशावर दाखवलं. त्यांनी मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांच्या सामाजिक प्रसंगांचे फोटो दाखवले आणि नेहमीची पद्धत लावली. तपासलेल्या ८,०६४ वॉक्सेलपैकी १६ वॉक्सेल p < 0.001 या उंबरठ्याच्या वर आले आणि त्यातले काही माशाच्या मेंदूच्या पोकळीत एकत्र जमले होते. हजारात एक या हिशेबाने आठेक अपेक्षित होतेच. इतक्या सगळ्या चाचण्या एकाच वेळी केल्या आहेत हे हिशेबात धरून दुरुस्ती केल्यावर एकही वॉक्सेल उरला नाही. २००९ मध्ये एका परिषदेत मांडलेलं हे काम पुढच्या वर्षी छापून आलं. म्हणून आकृतीखाली p च्या शेजारी ‘करेक्टेड’ आहे की ‘अनकरेक्टेड’ हे बघणं अत्यावश्यक आहे.

दुरुस्तीचेही प्रकार आहेत. एका प्रकारात प्रत्येक वॉक्सेलला कडक निकष लावतात. दुसऱ्यात आधी एक सैल उंबरठा लावतात आणि मग पुरेसे मोठे पुंजकेच ठेवतात. अँडर्स एक्लुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांनी २०१६ मध्ये विश्रांतीच्या स्थितीतल्या निरोगी लोकांच्या स्कॅनवर खोटे प्रयोग बसवून ही दुसरी पद्धत तपासली. पाच टक्के चुका होतील असं सांगणाऱ्या काही पद्धतींत चुका ७० टक्क्यांपर्यंत गेल्या. आधीचा उंबरठा सैल, म्हणजे p < 0.01, ठेवला की प्रकार जास्त बिघडत होता. 0.001 ठेवल्यावर तो बराच आटोक्यात येत होता. वाचकासाठी याचा अर्थ असा, की पुंजक्याच्या पद्धतीत दोन उंबरठे असतात आणि निबंधात दोन्ही शोधावे लागतात. शिवाय पुंजका खरा ठरला तरी त्यातला प्रत्येक वॉक्सेल खरा ठरत नाही. अवाढव्य पुंजका बघून त्यातल्या एखाद्या छोट्या भागाचं नाव घेणं म्हणूनच धोक्याचं असतं.

या आकृत्यांची घडण दोन परंपरांतून झाली. १९८० च्या दशकात पेट स्कॅनने शब्द आणि भाषेवर काम सुरू झालं. १९९० च्या दशकात लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन आणि त्यांच्या गटाने संपूर्ण मेंदूचा संख्याशास्त्रीय नकाशा काढायची पद्धत घडवली. सगळ्यांचे मेंदू एका साच्यात बसवायचे, प्रत्येक वॉक्सेलला तोच प्रश्न विचारायचा आणि गटाचं एकच चित्र काढायचं, अशी ही परंपरा आहे. कॅनविशर यांची परंपरा वेगळी. प्रत्येकाच्या मेंदूत तो भाग नेमका कुठे आहे हे आधी स्वतंत्र स्कॅनने शोधायचं आणि मग फक्त तिथलाच प्रतिसाद नव्या माहितीत मोजायचा. शोधायला एक माहिती आणि तपासायला दुसरी, हा तिचा कणा आहे. २००६ मध्ये दोन्ही बाजूंनी एकाच नियतकालिकात आपापली मांडणी केली. गटपद्धतीत माणसामाणसांतला फरक पुसला जातो, तर व्यक्तीपद्धतीत ठरवलेल्या जागेबाहेर काय घडतं ते सुटू शकतं. आकृती कोणत्या परंपरेतली आहे हे ओळखता आलं, तर तिच्याकडून कशाची अपेक्षा ठेवायची हे कळतं. जेम्स हॅक्सबी यांनी २००१ मध्ये तिसरा रस्ता उघडला. त्यात एका जागेची उंची न बघता अनेक वॉक्सेलमधला आकृतिबंध बघतात. त्या चित्रांमधला रंग बहुधा ओळखण्याची अचूकता सांगतो, म्हणून तिथेही पट्टीवरचं नाव आधी वाचावं लागतं.

हे सगळं आजच शिकण्याचं एक ठोस कारण आहे. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात ७० गटांना एकच माहिती दिली होती आणि तेच नऊ प्रश्न विचारले होते. कोणत्याही दोन गटांनी हुबेहूब सारखी पद्धत वापरली नाही आणि अनेक प्रश्नांवर ‘हो’ आणि ‘नाही’ अशी फूट पडली. उंबरठा लावण्याआधीचे नकाशे मात्र बऱ्याच गटांचे एकमेकांसारखे होते. पाण्याखालची जमीन पुष्कळशी तीच होती, वाद पाण्याच्या पातळीवर आणि बेटांना नावं देण्यावर होता. म्हणूनच आता अनेक संशोधक उंबरठ्याखालचे आकडे पूर्ण झाकत नाहीत. ते फिकट रंगात दाखवतात आणि उंबरठा ओलांडलेल्या जागेभोवती रेघ ओढतात. अख्खा नकाशा सार्वजनिक भांडारात ठेवण्याची पद्धतही रुजते आहे. अशी आकृती समोर आली, की वाचकाला पातळी स्वतः बदलून बघता येते.

या पुस्तकात मेंदूच्या भागांची यादी पाठ करायला लावलेली नाही. प्रत्येक प्रकरणात एक आकृती घेतली आहे आणि ती एकाच क्रमाने वाचली आहे: वजाबाकी, बाजू, जागा, पट्टी, उंबरठा. जिथे आकृती यांपैकी एखादी गोष्ट सांगत नाही, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे, कारण तेही एक निरीक्षण आहे. चेतापेशींचं रसायनशास्त्र आणि यंत्राचं भौतिकशास्त्र गरजेपुरतंच आलं आहे. संख्याशास्त्रातली सूत्रं मांडलेली नाहीत, पण प्रत्येक आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे सांगितल्याशिवाय पुढे गेलेलो नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाने त्या आकृतीबद्दल एक वाक्य लिहावं, अशी अपेक्षा आहे. चेहऱ्यांच्या आकृतीसाठी ‘चेहरे ओळखणारं केंद्र सापडलं’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात वजाबाकी नाही, माणसं नाहीत आणि उंबरठाही नाही. ‘१५ पैकी १२ जणांमध्ये, ठरवलेल्या उंबरठ्यावर, फ्युसिफॉर्म वळीच्या आसपास चेहरे बघताना वस्तू बघण्यापेक्षा जास्त संकेत मिळाला’ हे वाक्य चालेल. ते लांब आहे, पण आकृतीने दिलं तेवढंच सांगतं. पुस्तक संपेपर्यंत असं वाक्य वाचकाला कुणाच्या मदतीशिवाय लिहिता यावं, यासाठी पुढची सगळी पानं आहेत.